फ्रेंचमध्ये वेळ आणि तारीख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात फ्रेंच शिकवताना दरवर्षी हेच प्रश्न फिरून समोर येतात. परीक्षेला बसणारी मुलं ते विचारतात, शिक्षणासाठी फ्रान्सला निघालेले विचारतात, आणि लेकीकडे किंवा मुलाकडे तीन महिने राहायला जाणारे आईवडीलही विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. फ्रेंच उच्चार देवनागरीत दिले आहेत, पण ते जवळपासचे आहेत. एक खूण मात्र लक्षात असू द्या: इथला 'झ' हा 'झरा' आणि 'झाड' यांमधला आहे, 'झेंडा'मधला नाही. सगळ्या वेळा ऐकताना हा एक आवाज फार कामाला येतो.

फ्रेंच लोक बारा तासांचं घड्याळ वापरतात की चोवीस तासांचं?

दोन्ही वापरतात, आणि दोन्हींची बोलण्याची पद्धत वेगळी आहे. घरात, मित्रांत, शेजाऱ्याशी बोलताना बारा तासांचं घड्याळ चालतं. रेल्वे, विमान, सिनेमाच्या वेळा, दवाखान्याची अपॉइंटमेंट, सरकारी पत्र, टीव्हीवरचे कार्यक्रम, दुकानाच्या दारावरची पाटी हे सगळं चोवीस तासांत असतं.

आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटावर 17:10 छापलेलं असतं, पण आपण तोंडाने 'पाच दहाची गाडी' म्हणतो. म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ आपल्याला वाचायचं माहीत आहे, बोलायचं नाही. फ्रान्समध्ये ते तोंडाने बोललंही जातं. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट फोनवर सरळ 'सोळा वाजून तीस' म्हणते आणि समोरच्याला त्यात काहीच वेगळं वाटत नाही. मित्रमैत्रिणीसुद्धा 'वीस वाजता भेटू' म्हणतात. आपली खरी अडचण इथे आहे. वाचताना विचार करायला दोन क्षण मिळतात, ऐकताना मिळत नाहीत.

रोजच्या बोलण्यातली वेळ कशी सांगायची?

यात मराठी माणसाला फारसं अवघड काही नाही, कारण सव्वा, साडे आणि पावणे तिन्ही फ्रेंचमध्ये आहेत. फक्त ते तासाच्या आधी न येता नंतर येतात. सव्वापाच म्हणजे 'सँकर ए कार', साडेपाच म्हणजे 'सँकर ए दमी', आणि पावणेपाच म्हणजे 'सँकर म्वँ ल कार'. शेवटच्याचा शब्दशः अर्थ 'पाच वजा पाव'. आपल्या पावणेमध्येही तेच गणित आहे: पुढचा तास धरायचा आणि त्यातून पाव काढायचा. 'पाचला दहा कमी' हे तर जसंच्या तसं 'सँकर म्वँ दीस' होतं.

दीड आणि अडीच यांना मात्र वेगळे शब्द नाहीत. तिथे 'एक आणि अर्धा', 'दोन आणि अर्धा' असंच म्हणायचं: 'यूनर ए दमी', 'दझर ए दमी'.

अर्धा तास उलटेपर्यंत मागच्या तासात मिळवायचं आणि अर्ध्यानंतर पुढच्या तासातून वजा करायचं, ही सर्वसाधारण रीत. चार वाजून वीस म्हणजे 'कात्रर व्हँ'. मध्ये 'वाजून'साठी कुठलाही शब्द लागत नाही. 'ए' फक्त पाव आणि अर्ध्याच्या आधी येतो, वीस किंवा दहाच्या आधी नाही. परीक्षेत 'चार ए वीस' लिहून गुण घालवणारी मुलं मी दरवर्षी पाहते.

दुपारचे बारा म्हणजे 'मिदी' आणि रात्रीचे बारा 'मिनुई'. त्यांच्यापुढे 'अर' हा तासाचा शब्द लागत नाही. साडेबाराला 'मिदी ए दमी' म्हणतात.

मग चोवीस तासांत बोलताना काय बदलतं?

सव्वा, साडे, पावणे तिघंही गळून पडतात. मिदी आणि मिनुईही नाहीत. आधी तास, मग 'अर', मग मिनिटांचा आकडा, बस्स. 18h30 म्हणजे 'दीझवीतर त्राँत', शब्दशः 'अठरा तास तीस'. 20h45 म्हणजे 'व्हँतर काराँत-सँक'. 16h15 म्हणजे 'सेझर कँझ'.

'अठरा वाजून अर्धा' किंवा 'एकवीस वजा पाव' असं म्हणायचं नाही. समजणारा समजून घेईल, पण कानाला ते 'साडेअठरा वाजले' इतकंच विचित्र वाटेल. शिकणाऱ्याने एकच बंधन पाळावं: बारापेक्षा मोठा तास तोंडातून गेला की पुढे फक्त आकडा.

एक सोय अशी की मिनिटं ५९ च्या पुढे जात नाहीत आणि तास २३ च्या पुढे. फ्रेंचमधले सत्तर ते नव्याण्णवचे किचकट आकडे (सत्तर म्हणजे 'साठ-दहा', नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा') घड्याळात येतच नाहीत. ज्याला साठपर्यंत आकडे येतात त्याला संपूर्ण वेळापत्रक बोलता येतं.

तासाचा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून एक वाजला तर 'यूनर' आणि एकवीसला 'व्हँतेयूनर'. मिनिटही स्त्रीलिंगी, म्हणून 20h01 म्हणजे 'व्हँतर यून'. आता 'व्हँतेयूनर' आणि 'व्हँतर यून' पाठोपाठ म्हणून पाहा. एकात 'अर' शेवटी येतो, दुसऱ्यात मधे. 'अर'च्या आधीचं सगळं तासाचं आणि नंतरचं सगळं मिनिटांचं. स्टेशनवर दुसरं काही कळलं नाही तरी हा 'अर' कानांनी पकडायला शिका.

बारा वजा करायचे, इतकंच ना? तरी माणसं गाडी का चुकवतात?

वजाबाकी चुकते म्हणून नव्हे, ऐकण्यात चूक होते म्हणून. आणि ती चूक दर वेळी एकाच मापाची असते: माणूस बरोबर दोन तास उशिरा पोचतो.

हे असं का होतं ते पाहा. तीन म्हणजे 'त्रुआ', तेरा म्हणजे 'त्रेझ'. सुटे ऐकले तर गोंधळ व्हायचं कारण नाही. पण तासाच्या 'अर'ला स्वराने सुरुवात होते, त्यामुळे आधीच्या शब्दाचं शेवटचं, एरवी न उच्चारलं जाणारं व्यंजन जागं होऊन 'अर'ला जाऊन चिकटतं. 'त्रुआ'च्या शेवटी लिहिलेला पण न बोलला जाणारा एस तिथे 'झ' होतो. म्हणून तीन वाजता म्हणजे 'त्रुआझर' आणि तेरा वाजता म्हणजे 'त्रेझर'. दोघांत फरक उरला तो फक्त मधल्या स्वराचा.

दोन आणि बाराचं तेच. 'दझर' आणि 'दूझर'. सहा आणि सोळाचंही तेच. 'सीझर' आणि 'सेझर'. एरवी हे आकडे चांगले वेगळे असतात, पण घड्याळ सांगताना जुळ्या भावंडांसारखे दिसायला लागतात.

आता हिशोब करा. 13h00 ऐवजी 'तीन' ऐकू आलं, तर तुम्ही दुपारचे तीन धरता, म्हणजे 15h00. सोळाऐवजी सहा ऐकलं तर संध्याकाळचे सहा, म्हणजे 18h00. बाराऐवजी दोन ऐकलं तर दुपारचे दोन, म्हणजे 14h00. तिन्ही वेळा दोन तासांचा उशीर. आकड्यांत फरक दहाचा आहे आणि घड्याळाच्या फेऱ्यांत बाराचा, म्हणून मधले दोन तास हातचे जातात. वाचतानाही घाईत हीच चूक होते: 17h पाहून सातच्या आकड्यावर नजर टिकते आणि डोक्यात 'संध्याकाळी सात' बसतं.

पहिल्यांदा फ्रान्सला गेले तेव्हा दाताच्या दवाखान्याची वेळ मी फोनवर घेतली होती. मला 'सीझर' ऐकू आलं, त्यांनी 'सेझर' सांगितलं होतं. सहाला पोचले तेव्हा दार बंद व्हायच्या बेतात होतं. ठणकणारा दात घेऊन परत यावं लागलं आणि पुढची वेळ नऊ दिवसांनी मिळाली. तेव्हापासून मी वर्गात आकडे नुसते पाठ करून घेत नाही, 'अर' जोडूनच म्हणायला लावते.

हे टाळायचं कसं?

दोन उपाय आहेत. पहिला तर्काचा. जिथे चोवीस तासांचंच घड्याळ चालतं, तिथे दुपारचे 'तीन' अस्तित्वातच नसतात, त्यांना पंधरा म्हणतात. म्हणजे भर दिवसा स्टेशनवर 'त्रुआझर'सारखं काही कानावर पडलं, तर ते जवळजवळ नक्की 'त्रेझर' आहे, कारण खरे तीन पहाटेचे आणि त्या वेळी गाड्या फारशा सुटत नाहीत. दोन आणि बाराचंही तसंच. सहा आणि सोळाला मात्र हा तर्क जपून लावा, कारण सकाळी सहाला भरपूर गाड्या असतात. उद्याच्या गाडीबद्दल बोलणं चाललं असेल तर दोन्ही अर्थ शक्य आहेत.

दुसरा उपाय जास्त खात्रीचा. ऐकलेली वेळ दुसऱ्या घड्याळात परत म्हणून दाखवा. समोरची व्यक्ती 'सेझर' म्हणाली, तर तुम्ही विचारा, 'कात्रर द लाप्रे-मिदी?' म्हणजे 'दुपारचे चार ना?' तोच शब्द परत म्हटला तर तुमचा चुकीचा उच्चारही त्यांना बरोबर वाटू शकतो आणि ते 'वी, वी' म्हणून मोकळे होतात. दुसऱ्या घड्याळात चूक लपत नाही.

स्टेशनवरची घोषणा प्रत्यक्षात कशी असते?

समजा तुम्ही लियों शहराच्या पार-द्यू स्टेशनवर आहात आणि आन्सीला जायचं आहे. तिकिटावर आहे 13h08. घोषणा साधारण अशी होईल: आधी गाडीचा प्रकार, मग गाडीचा नंबर, मग 'आ देस्तिनास्यों दान्सी' (आन्सीकडे जाणारी), मग 'देपार त्रेझर वीत' (सुटण्याची वेळ तेरा वाजून आठ), आणि शेवटी 'व्हुआ' म्हणून फलाट.

पहिला धोका गाडीच्या नंबरात आहे. तो पाच-सहा आकडी असू शकतो आणि त्यात सत्तर-नव्वदचे किचकट आकडेही येतात. शिकणारा तिथेच अडकतो आणि पुढचं निसटतं. नंबर सोडून द्या. आधी गावाचं नाव पकडा, मग 'देपार' शब्दाची वाट पाहा. त्याच्या लगेच मागून वेळ येते.

'देपार त्रेझर वीत' यात 'अर'च्या आधी 'त्रेझ', नंतर 'वीत'. तेरा आठ. आठ मिनिटांच्या आधी 'शून्य' बोलत नाहीत. बोर्डावर 08 लिहिलेलं असलं तरी तोंडी नुसतं 'वीत'.

गाडीला उशीर असेल तर 'आव्हेक अँ रतार दाँव्हिरों कँझ मिन्यूत' असं काही ऐकू येईल, म्हणजे अंदाजे पंधरा मिनिटांचा उशीर. 'मिन्यूत' शब्द आला की समजा हा कालावधी आहे, घड्याळातली वेळ नाही. वेळ सांगताना 'मिन्यूत' सहसा म्हणतच नाहीत.

फलाटाबद्दल 'व्हुआ' नंतर पार-द्यूला अक्षर येतं, आकडा नाही. तिथले रूळ अक्षरांनी ओळखले जातात. बऱ्याच स्टेशनांवर ते आकडे असतात, मग वेळेच्या आकड्यांत आणखी एक आकडा मिसळतो. मोठ्या स्टेशनांवर फलाट सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधीच जाहीर होतो, त्यामुळे तासभर आधी बोर्डावर तो रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका. आणि छापलेली वेळ म्हणजे चाक हलण्याची वेळ. दारं तिच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. 13h08 ची गाडी तुमच्यासाठी 13h06 ची आहे.

ॲपवर याच गाडीसमोर आणखी एक आकडा दिसेल, समजा 1h54. ती वेळ नव्हे, प्रवासाचा कालावधी आहे. फ्रेंच लोक दोन्हीसाठी तोच h वापरतात. ओळ नीट पाहिली तर कालावधीच्या बाजूला Durée लिहिलेलं असतं.

14h30, 14:30, 14 h 30: यातलं बरोबर कोणतं?

छापील मजकुरात h च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडणं ही नियमाची पद्धत. पाट्यांवर आणि मेसेजमध्ये 14h30 सगळीकडे दिसतं. घड्याळांवर आणि पडद्यांवर 14:30 असतं. तिन्ही चालतात. आपल्या सवयीचं 2.30 pm मात्र फ्रेंच मजकुरात लिहू नका.

मध्यरात्रीचं काय?

रात्रीचे बारा बोलण्यात 'मिनुई', वेळापत्रकात 0h00, आणि सव्वाबारा म्हणजे 0h15, 'झेरो अर कँझ'. इथे तारीख तपासा. ५ तारखेच्या रात्री जेवून निघायचं आहे आणि गाडी 0h15 ची आहे, तर तिकिटावर तारीख ६ असली पाहिजे. शून्य तासाने नवा दिवस सुरू होतो. आपण 'पाचच्या रात्री सव्वाबाराला' म्हणतो आणि पाच तारखेचं तिकीट काढून बसतो. तशी गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते.

'रात्रीचे नऊ' आणि 'रात्रीचे दोन' कसे सांगायचे?

रात्रीचे नऊ म्हणजे 'नव्हर दू सुआर', संध्याकाळचे. (नऊ एरवी 'नफ', पण 'अर'पुढे फ चा व्ह होतो.) रात्रीचे दोन मात्र 'दझर दू मातँ', सकाळचे. मध्यरात्र उलटली की फ्रेंचमध्ये सकाळ लागते, मग बाहेर कितीही अंधार असो. 'रात्र' हा शब्द घड्याळाच्या वेळेला जोडत नाहीत.

तारीख कशी सांगायची आणि लिहायची?

क्रम आपल्यासारखाच आहे: दिवस, महिना, वर्ष. 03/04 म्हणजे ३ एप्रिल. तारखेच्या आधी 'ल' लागतो: 'ल त्रुआ आव्हरील'. वार सांगायचा तर 'ल'च्या लगेच नंतर. वार आणि महिने दोन्ही लहान अक्षराने सुरू होतात, मोठ्याने नाही. पत्रावर गावाचं नाव, स्वल्पविराम, मग तारीख असं लिहितात.

महिन्याच्या फक्त पहिल्या तारखेला क्रमवाचक शब्द येतो: 'ल प्रमिये', लिहिताना 1er. दोनपासून साधा आकडा. 'दुसरा मार्च', 'तिसरा मार्च' असं फ्रेंचमध्ये होत नाही.

मराठी विद्यार्थ्याची ठरलेली चूक म्हणजे जादाचं 'आ'. 'तीन वाजता'ला 'आ त्रुआझर' बरोबर आहे, म्हणून 'तीन तारखेला'लाही 'आ' लावला जातो. तारखेला काहीच लागत नाही, नुसता 'ल'. 'तीन तारखेला येतो' म्हणजे 'मी येतो, ल त्रुआ'. महिना किंवा वर्ष एकटं असेल तर 'आँ': 'आँ मार्स', मार्चमध्ये.

आठ आणि अकराच्या आधी 'ल' पूर्ण म्हणायचा, गिळायचा नाही: 'ल वीत', 'ल ऑंझ'.

वेळापत्रकावरच्या छोट्या अक्षरांचा अर्थ काय?

खरी फसगत तासामुळे कमी आणि या बारीक अक्षरांमुळे जास्त होते. lun, mar, mer, jeu, ven, sam, dim हे सोमवार ते रविवार. mar म्हणजे मंगळवार, मार्च महिना नव्हे. मार्चचं नाव आधीच लहान आहे, तो mars असा पूर्ण लिहितात. जून आणि जुलै जवळजवळ सारखे सुरू होतात, juin आणि juillet, म्हणून जुलैचं संक्षिप्त रूप juil. असं असतं. शेवटचा l दिसला की जुलै.

sauf म्हणजे वगळून. sauf dim. et fêtes असं लिहिलं असेल तर ती बस रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला धावत नाही. या सुट्ट्या देशभर अकरा आहेत आणि मे महिन्यात त्यांची गर्दी असते: १ मे, ८ मे, आणि बहुतेक वर्षी ईस्टरचा रविवार धरून चाळिसाव्या दिवशी येणारा गुरुवार. मे महिन्यात फिरायला जाणाऱ्याने गावातल्या बसचं वेळापत्रक वाचताना हा शब्द आधी शोधावा. आठवड्याचा साधा गुरुवार समजून थांब्यावर उभं राहिलात तर बस येणारच नाही, आणि विचारायला जवळ उघडं दुकानही नसेल.

आणखी दोन शब्द फार सारखे दिसतात. jours ouvrables म्हणजे रविवार आणि सुट्ट्या सोडून सगळे दिवस, शनिवार धरून. jours ouvrés म्हणजे प्रत्यक्ष कामाचे दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार. पार्सल 'पाच दिवसांत' येणार असेल तर यातला कोणता शब्द आहे यावर एक दिवस इकडेतिकडे होतो.

आणि 'ल' पुन्हा एकदा. दुकानाच्या दारावर Fermé le lundi असेल तर दुकान दर सोमवारी बंद. तारखेशिवाय वाराच्या आधी 'ल' आला की अर्थ 'दर'. मैत्रीण नुसतं 'लँदी' म्हणाली तर येता सोमवार, 'ल लँदी' म्हणाली तर दर सोमवार.

एक आठवड्याला फ्रेंच लोक 'आठ दिवस' का म्हणतात? दिवस तर सात!

हा प्रश्न मराठी माणसाने विचारला की मला आनंद होतो, कारण त्याचं उत्तर त्याच्याच शब्दात आहे. आपला 'आठवडा' आठवरूनच आलाय. 'पंधरवडा' पंधरावरून. आणि 'आठ दिवसांनी ये' म्हणताना आपण सात दिवसच मोजतो. सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरली की आठ होतात. फ्रेंचमध्येही एक आठवडा म्हणजे 'वी जूर', आठ दिवस, आणि दोन आठवडे म्हणजे 'कँझ जूर', पंधरा दिवस. इंग्रजीतून फ्रेंच शिकणारा इथे अडखळतो, मराठीतून शिकणाऱ्याने अडखळायचं कारण नाही.

याच 'आठ'चा आणखी एक सुंदर उपयोग आहे. समजा आज सोमवार, २ मार्च. कुणी 'जदी' म्हणालं तर गुरुवार ५ मार्च. 'जदी आँ वीत' म्हणजे त्या गुरुवारपासून आठ, म्हणजे १२ मार्च. 'जदी आँ कँझ' म्हणजे १९ मार्च. 'पुढचा गुरुवार' म्हटलं की ५ की १२ असा वाद फ्रेंचमध्येही होतो, आपल्या 'येत्या' आणि 'पुढच्या'सारखाच. 'आँ वीत' म्हटल्यावर तो वाद राहत नाही. नक्की ठरवायचं असेल तेव्हा हेच वापरा.

भारत आणि फ्रान्समध्ये किती तासांचा फरक?

हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. भारत पुढे. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे 2h00 वाजता घड्याळ एकदम 3h00 वर जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी 3h00 वरून परत 2h00 वर येतं. मुलीची गाडी जुलैत 18h50 ला पोचणार असेल, तर इथे रात्रीचे 22:20 झालेले असतील. डिसेंबरात तीच गाडी इथल्या 23:20 ला पोचेल. ऑक्टोबरच्या त्या रात्री दोन ते तीन हा तास दोनदा येतो, तेव्हा त्या तासातली वेळ कुणाला सांगताना जुनी की नवी हे विचारून घ्या.

चोवीस तासांची ही पद्धत तिथे कधीपासून आहे?

फ्रेंच रेल्वेने ती १९१२ मध्ये घेतली. त्याच्या आदल्या वर्षीच, मार्च १९११ च्या कायद्याने, देशाचं घड्याळ पॅरिसच्या वेळेवरून ९ मिनिटं २१ सेकंद मागे घेऊन ग्रिनिचशी जुळवलं होतं. त्याआधी स्टेशनवर एक चमत्कारिक प्रकार होता: इमारतीच्या बाहेरचं घड्याळ पॅरिसची वेळ दाखवायचं आणि आत फलाटावरचं पाच मिनिटं मागे असायचं. गाड्या आतल्या घड्याळाने सुटत, म्हणजे धावत येणाऱ्याला पाच मिनिटांची सवलत मिळायची. ती १९११ मध्ये गेली.

वर्ष कसं वाचायचं?

२०२६ म्हणजे 'द मील व्हँत-सीस', दोन हजार सव्वीस. गेल्या शतकातली वर्षं दोन तऱ्हांनी वाचतात, 'हजार नऊशे' किंवा 'एकोणीसशे'. दोन्ही बरोबर आहेत आणि पहिली जास्त ऐकू येते. घड्याळात टाळलेले सत्तर-नव्वदचे आकडे इथे भेटतात. जन्मवर्ष १९७४ असलेल्याला 'साठ-चौदा' म्हणावं लागतं, १९९८ वाल्याला 'चार-वीस-अठरा'. फ्रान्समधल्या कुठल्याही खिडकीवर जन्मतारीख विचारतात, तेव्हा स्वतःची तारीख एकदा कागदावर लिहून, मोठ्याने दहा वेळा म्हणून जा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला 'सेप्ताँत' आणि 'नोनाँत' असे साधे शब्द आहेत. तिथे गेलात तर तुमचं जन्मवर्ष सांगणं सोपं होईल.